अगरबत्तीचे यंत्र आत्ता घेऊ का?

प्रश्न : आम्ही चिपळूण तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटातल्या दहाजणी आहोत. गटाकडे सव्वा लाख रुपये साठले आहेत आणि अगरबत्तीचे स्वयंचलित यंत्र घ्यावे असे सगळ्यांच्या मनात आहे. विकणारे सांगतात की दिवसाला ५० किलो माल निघेल आणि तयार झालेली सगळी कच्ची बत्ती तेच परत घेतील. जागा म्हणून एकीच्या घराची पडवी आणि पुढचे खळे आहे. गणपतीच्या आधी माल बाजारात यावा म्हणून मे महिन्यातच यंत्र आणायचे ठरते आहे. घ्यावे का? कच्चा माल काय लागतो, वाळवायला किती जागा लागेल, आणि दुकानदार आमचा माल ठेवतील का?

उत्तर : ताई, उत्तर आधी देतो आणि कारणे मागून सांगतो. या मे महिन्यात यंत्र घेऊ नका. अगरबत्तीचा धंदा मात्र जरूर सुरू करा, आणि याच गणपतीला करा. यंत्राशिवाय तो कसा सुरू होतो हे पुढे येईलच. त्याआधी तुमच्या पत्रातला ५० किलोचा आकडा उलगडून पाहू, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्यातच आहेत.

आठ इंची कच्ची बत्ती, म्हणजे सुगंध न लावलेली काळी काडी, जाडीप्रमाणे किलोला साधारण हजार भरते. ५० किलो म्हणजे ५०,००० काड्या. दहा रुपयांच्या पाकिटात १५ काड्या घातल्या तर दिवसाला ३,३०० पाकिटे होतात. आता बाजाराच्या बाजूने पाहा. नवीन नावाचा माल एखाद्या किराणा दुकानातून महिन्याला दहा डझन पाकिटे खपला तर तो चांगला खप समजायचा. अशी १५ दुकाने तुम्ही धरलीत तर महिन्याची १,८०० पाकिटे, म्हणजे २७ किलो माल. तेवढा माल हे यंत्र एकाच दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर थोड्याच वेळात काढून देईल. दुकाने शंभर झाली तरी महिन्याचे काम चार दिवसांत उरकेल. राहिलेले वीस दिवस यंत्र बंद ठेवायचे नसेल तर कच्ची बत्तीच दुसऱ्याला विकावी लागते, आणि तिथे तुम्ही विकणाऱ्याच्या हातात जाता.

‘माल आम्हीच परत घेऊ’ या बोलीत काय वाईट आहे?

सगळे विक्रेते वाईट नसतात. पण ही बोली कागदावर येते तेव्हा तिला बहुधा तीन शेपट्या असतात. मसाला आणि काडी त्यांच्याकडूनच, त्यांच्या भावाने घ्यायची. वाहतूक तुमची. आणि माल ‘पसंत पडला तर’ घेणार. वाकडी काडी, ओल, जाडीतला फरक, असे कुठलेही कारण काढून चौथी-पाचवी गोणी परत आली की पुढे काय करायचे याचे उत्तर करारात नसते.

त्यातही कच्च्या बत्तीत नफाच बेताचा आहे. ३१ ऑगस्ट २०१९ ला केंद्र सरकारने अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले आणि जून २०२० मध्ये बांबूच्या काडीवरचे आयात शुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केले. चीन आणि व्हिएतनाममधून येणारा माल कमी व्हावा आणि इथल्या लोकांना काम मिळावे हा हेतू होता. यंत्राने कच्ची बत्ती काढणारे त्यानंतर गावोगाव उभे राहिले, म्हणून भाव चढा राहत नाही. हिशेबासाठी धरू : मसाला ३५ रुपये किलो, काडी १३० रुपये किलो. ५० किलो बत्तीला ४० किलो मसाला आणि १० किलो काडी लागते, म्हणजे २,७०० रुपये, किलोला ५४. दोघींची मजुरी, वीज, मोडतोड आणि वाहतूक घातली की तो आकडा ७० च्या घरात जातो. कच्च्या बत्तीला ७५ रुपये मिळाले तर किलोमागे हातात पाच. हे भाव उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागातले विचारून घाला, पण प्रमाण फारसे बदलणार नाही.

कच्चा माल नेमका काय असतो, आणि तो चांगला कसा ओळखायचा?

चार वस्तू : कोळशाची बारीक पूड, लाकडाची पूड, जिगट आणि काडी. दहा किलो मसाल्यात साधारण सहा किलो कोळसा, दोन किलो लाकडाची पूड आणि दोन किलो जिगट असे प्रमाण धरून सुरुवात करतात आणि जिगटाच्या चिकटपणाप्रमाणे थोडे इकडेतिकडे करतात. तयार मिश्रणही ‘प्रीमिक्स’ या नावाने पोत्यात मिळते.

यात सगळ्यांत महत्त्वाचे आणि सगळ्यांत जास्त भेसळ होणारे म्हणजे जिगट. ती मैदालकडीसारख्या झाडांच्या सालीची पूड असते. ती भिजली की चिकट होते आणि तिच्यामुळेच कोळसा काडीला धरून राहतो. झाडाची साल ओरबाडली की झाड मरते, त्यामुळे ही साल दुर्मीळ होत गेली आणि पुडीत भुसा मिसळण्याचा मोह वाढला. दुकानातच चिमूटभर पूड तळहातावर घ्या, चार थेंब पाणी घाला आणि बोटांनी मळा. बोटे वेगळी करताना तार सुटली पाहिजे. नुसता चिखल झाला, तर त्या पोत्याला हात लावू नका. जिगट कमी पडली की वाळलेल्या काडीवरचा मसाला हाताळताना टवके उडून गळतो. जास्त झाली की बत्ती कडक होते आणि अर्ध्यावर विझते.

काडीचे वेगळे आहे. यंत्राला १.३ मिलिमीटर जाडीची गोल, एकसारखी काडी लागते. जाडी कमी-जास्त झाली की काडी नोझलमध्ये अडकते आणि तुमच्या यंत्राचा अर्धा दिवस ती काढण्यात जातो. या काडीसाठी लांब पेरांचा बांबू लागतो. म्हणून ती पूर्वी मुख्यतः त्रिपुरा आणि ईशान्येकडून येई, पुढे चीन आणि व्हिएतनाममधूनही आली. आपल्याकडच्या मानवेलीची पेरे आखूड असतात आणि तो बांबू भरीव असतो. त्यापासून हाताने वळायची जाडसर काडी निघते, पण यंत्राला चालणारी काढताना वाया जाणारा माल फार. तेव्हा ‘गावातच बांबू आहे, काडी फुकट पडेल’ असे कोणी म्हणाले तर त्यावर हिशेब बांधू नका.

वाळवायला खळे पुरेल ना?

इथे तुमच्या प्रश्नाचे खरे वजन आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. यंत्र विकणारा याबद्दल कधी बोलत नाही.

दहा किलो मसाला मळायला साडेसहा लिटरच्या आसपास पाणी लागते. ५० किलो बत्तीच्या ४० किलो मसाल्यात २६ लिटर पाणी जाते. यंत्रातून बत्ती बाहेर पडते तेव्हा हे सगळे पाणी तिच्या अंगात असते आणि ते हवेत गेल्याशिवाय माल तयार होत नाही. म्हणजे तुमचे यंत्र रोज दोन मोठ्या कळशा पाणी तयार करून तुमच्या पडवीत ठेवणार, आणि ते उडवायचे काम तुमचे.

आता जागा. ओली बत्ती ढिगाने टाकली तर आतल्या काड्या चिकटतात आणि वाकतात. एकेरी, फार तर विरळ दुहेरी थर पसरावा लागतो. अशा तऱ्हेने एका चौरस फुटात सव्वाशे काड्या बसतात. ५०,००० काड्यांना ४०० चौरस फूट हवेत, आणि सावलीत वाळायला दोन दिवस धरले तर ८००. इतके मोठे खळे तुमच्याकडे असेलही, पण तिथून कोंबड्या फिरणार, वारा सुटणार, संध्याकाळी दव पडणार. म्हणून मांडणी करतात. दोन फूट बाय तीन फुटांच्या लाकडी चौकटीला नायलॉनची जाळी ठोकून ताट बनवायचे. एका ताटात साडेसातशे काड्या मावतात. दोन दिवसांच्या मालाला सुमारे १३५ ताटे लागतात. एकावर एक दहा, मध्ये वीतभर अंतर, अशा १४ मांडण्या झाल्या. चालायला जागा धरून दोनशे चौरस फुटांची खोली पुरते, पण त्या खोलीत समोरासमोर खिडक्या आणि दोन पंखे हवेत. यात पडवी कमी पडेल.

उन्हाचा प्रश्न अनेकजण विचारतात. कडक उन्हात वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि काडी वाकते किंवा तिला बारीक भेगा पडतात. पहिले तीन-चार तास कोवळे ऊन द्या, मग सावलीत आणि वाऱ्यावर. वाळली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, कारण काळी बत्ती ओली असतानाही काळीच दिसते. त्यासाठी सोपी रीत अशी : ताटातून शंभर काड्या बाजूला काढून वजन करा आणि त्या तिथेच ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. दोन दिवस सलग वजन तेवढेच राहिले की माल वाळला. शिवाय एक काडी मसाल्याच्या भागात मोडून पाहा. वाळलेली टक् करून तुटते, ओली लवते आणि साल सोलल्यासारखा मसाला सुटतो.

आता चिपळूणचा पाऊस आठवा. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथे बत्ती काय वाळणार. तिसऱ्या दिवशी मसाल्यावर पांढरी बुरशी धरते. एकदा बुरशी लागलेली बत्ती पुन्हा वाळवली तरी जळताना कुबट वास देते, आणि तो कुठल्याही परफ्यूमखाली दबत नाही. यावर विक्रेता ड्रायर सुचवील. साध्या हीटरच्या ड्रायरमध्ये एक लिटर पाणी उडवायला पाऊण युनिटच्या थोडी कमी वीज लागणारच, यंत्र कितीही चांगले असो. उष्णता वाया जाते ती धरली तर प्रत्यक्षात दुप्पट लागते. २६ लिटरना ३५ युनिट. नऊ रुपये युनिट धरले तर दिवसाला तीनशे रुपयांवर, म्हणजे किलोला सहा. आणि वर आपण पाहिले की कच्च्या बत्तीत किलोमागे पाचच उरतात. पावसाळ्यात ड्रायरवर वाळवलेली कच्ची बत्ती विकणे म्हणजे खिशातून पैसे घालणे.

मे महिन्यात यंत्र आणायला मी नको म्हणतो त्याचे कारण हे आहे. बसवणे, शिकणे, पहिला बिघडलेला माल, यात पंधरा-वीस दिवस जातील आणि मग मिरग लागेल. मागणी मात्र नेमकी श्रावणापासून दिवाळीपर्यंत असते. ज्या महिन्यांत अगरबत्ती खपते त्या महिन्यांत कोकणात ती वाळत नाही, ही या धंद्याची तुमच्याकडची मुख्य अडचण आहे. तिच्यावर उपाय एकच : कच्ची बत्ती माघ ते वैशाखात काढायची, पूर्ण वाळवून जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर फळ्यांवर ठेवायची, आणि सुगंध श्रावणाच्या तोंडाला लावायचा. नीट वाळलेली कच्ची बत्ती वर्षभर टिकते. सुगंध लावलेली मात्र दर महिन्याला वास गमावत जाते. साठवलेल्या मालाच्या पिशवीतळाशी पिवळसर पूड दिसली तर काडीत भुंगेरा लागला असे समजा आणि ती पिशवी लगेच वेगळी काढा.

मग या गणपतीला काय करावे?

कच्ची बत्ती विकत आणा आणि सुगंध लावून, पाकिटात भरून विका. धंद्यातले पैसे या टप्प्यात आहेत. शिवाय हे काम पडवीत होते, पावसात होते आणि दहाजणींना पुरते.

२० किलो कच्ची बत्ती घ्या. घेताना तिथेच चार काड्या पेटवून बघा. आठ इंची बत्ती २५ ते ३० मिनिटे जळावी, मध्येच विझू नये आणि राख पांढरट पडावी. घरी आणल्यावर पुन्हा दोन दिवस पंख्याखाली ठेवा. बत्तीच्या अंगातल्या बारीक छिद्रांतून परफ्यूम आत शिरतो. त्या छिद्रांत पाणी असेल तर तो वरच राहतो, आठवड्यात उडून जातो, आणि मग दुकानदार म्हणतो की तुमच्या मालाला वास नाही. परफ्यूम महागड्या दुकानातून आणला तरी या दोषाला इलाज नाही.

परफ्यूम नुसता लावत नाहीत. तो डीईपी नावाच्या, बिनवासाच्या तेलकट द्रवात मिसळतात. हा द्रव सुगंध धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. एक भाग परफ्यूमला तीन भाग डीईपी हे मिश्रण दहा रुपयांच्या पाकिटाला पुरेसे होते. एक किलो बत्ती साधारण पाव लिटर मिश्रण पिते, म्हणजे २० किलोला पाच लिटर. बत्तीच्या जुड्या बांधून त्या उभट डब्यात मसाल्याच्या टोकाकडून बुडवा, काही सेकंदांनी काढा, निथळू द्या, आणि पंखा न लावता सावलीत रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी जुड्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोन-तीन दिवस मुरू द्या. मुरल्याशिवाय पाकिटात भरू नका. सुगंध लावलेला माल उन्हात तर कधीच नको. हे काम करताना रबरी हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्या खोलीत चूल, गॅस, देवाचा दिवा काहीही पेटते नको.

परफ्यूम निवडताना एक सांगतो. बाटलीतला वास आणि जळतानाचा वास वेगवेगळे असतात. काही स्वस्त मोगरे बाटलीत फार छान, पण जळताना नुसता प्लॅस्टिकसारखा धूर. दुकानदाराकडून नमुन्याच्या छोट्या बाटल्या घ्या, पाच-पाच काड्या बुडवा, मुरवा, दार लावून एकेक जाळा, आणि अर्ध्या तासाने बाहेरच्या बाईला आत बोलावून विचारा. तुम्ही स्वतः दिवसभर त्या वासात असता, तुमच्या नाकाचा भरवसा धरू नका. पहिल्या वर्षी दोनच वास ठेवा. मोगरा आणि चंदन हे आपल्याकडे प्रत्येक देवघरात चालतात.

आता हिशेब. २० किलो बत्ती ८० रुपयांनी १,६०० रुपये. सव्वा लिटर परफ्यूम ९०० रुपयांनी आणि पावणेचार लिटर डीईपी १५० रुपयांनी, मिळून जवळपास १,७०० रुपये. २०,००० काड्यांतल्या हजारभर तुटतील, राहिलेल्यांची १,२६६ पाकिटे. छापील पिशवी १ रुपया २० पैशांनी, म्हणजे १,५२० रुपये. भरण्याची मजुरी पाकिटाला ५० पैसे, ६३० रुपये. एकूण खर्च साधारण ५,४५० रुपये. दुकानदाराला पाकीट सात रुपयांना दिले तर ८,८६० रुपये येतात. म्हणजे ३,४०० रुपये उरले. किलोला १७० रुपये. यातून फिरण्याचे भाडे, नमुन्याची पाकिटे आणि बुडालेली उधारी जायची आहे, तरीही कच्च्या बत्तीच्या पाच रुपयांशी याची तुलना करा. गटाच्या सव्वा लाखाला यात धक्का लागत नाही.

दुकानदार माल ठेवतील का?

ठेवतील, पण उधारीवर. ‘ठेवून जा, खपल्यावर बघू’ हे पहिले वाक्य ऐकायची तयारी ठेवा. दुकानदाराचेही चूक नाही, त्याच्या फळीवर आधीच चार नामांकित नावे असतात आणि त्यांचा माल तो जाहिरातीवर विकतो. तुम्ही त्याला दोन गोष्टी देऊ शकता. दहाच्या पाकिटावर तीन रुपये सुटतात, मोठ्या कंपन्यांच्या मालावर एवढे सहसा सुटत नाहीत. आणि न खपलेले पाकीट तुम्ही बदलून देता.

पहिल्या फेरीत प्रत्येक दुकानात दोन्ही वासांचे एकेक डझनच द्या. जास्त मागितले तरी देऊ नका. पावती करा, त्याची सही घ्या. मग आठवड्याचा एक वार ठरवा, समजा मंगळवार, आणि पाऊस असो नसो त्या दिवशी जा. मागच्या डझनाचे पैसे मिळाले की पुढचा डझन, हा नियम पहिल्यापासून लावा. दोन वेळा पैसे न देणाऱ्या दुकानातून उरलेला माल हसतमुखाने उचलून आणा. १५ दुकानांतली पाच-सहा अशी गळतील, ते धरूनच चाला. पूजा साहित्याची दुकाने आणि देवळाबाहेरच्या हार-फुलांच्या गाड्या सोडू नका. तिथे गिऱ्हाईक नाव पाहत नाही, पाकीट नाकाला लावून घेते, आणि पैसे रोख मिळतात.

तुमचा माल चालला की नाही याची खूण पहिल्या विक्रीत नसते. ओळखीने, कौतुकाने पहिले डझन कुठेही जाते. तिसऱ्या वेळी दुकानदाराने स्वतः फोन करून माल मागितला, तर ते दुकान तुमचे झाले. अशी दुकाने वहीत वेगळी लिहा.

पाकिटावर काय छापावे लागते? परवाना लागतो का?

गटाचे नाव व पूर्ण पत्ता, मालाचे नाव, काड्यांची संख्या किंवा निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन क्रमांक. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे हे छापणे बंधनकारक आहे. यातले काही राहिले तर दंड तुम्हालाही होतो आणि दुकानदारालाही. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती स्वतः करा, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

एक मोह टाळा. ‘डास पळवणारी अगरबत्ती’ म्हणून कोणी औषध मिसळायला देईल. कीटकनाशक असलेल्या मालाला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. ती नसताना असा माल करणे गुन्हा आहे, आणि बंद खोलीत त्याचा धूर लहान मुलांच्या छातीत जातो.

मेणबत्ती सोपी पडेल का?

वाळवण्याच्या दृष्टीने पडेल. मेणबत्तीला नुसते थंड व्हायचे असते, तेव्हा पावसाळा आड येत नाही. ५८ ते ६० अंशांना वितळणारे पॅराफिन मेण, त्यात ताठपणासाठी थोडे स्टिअरिक आम्ल, सुती वात आणि अ‍ॅल्युमिनियमचा साचा एवढ्यात काम होते. पण साधी पांढरी मेणबत्ती वीज गेल्यावर आणि दिवाळी-नाताळातच खपते, रोजच्या पूजेसारखा तिला रोजचा खप नाही. मेणाचा भाव खनिज तेलाबरोबर वर-खाली होतो. आणि आगीचा धोका खरा आहे. मेणाचे भांडे कधीही थेट शेगडीवर ठेवू नका, पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा. मेण पेटलेच तर पाणी मुळीच ओतू नका, पाण्याची वाफ होऊन पेटते मेण चौफेर उडते. झाकण घालून गॅस बंद करा. गटाने दिवाळीपुरता जोडधंदा म्हणून करावी, मुख्य धंदा म्हणून नाही.

यंत्र कधी घ्यावे, आणि घेताना काय पाहावे?

वहीतली ‘आपली’ दुकाने चाळीसच्या वर गेली आणि तुम्ही महिन्याला शंभर किलोच्या आसपास कच्ची बत्ती विकत आणू लागलात, की विचार करा. तेव्हाही आधी पायाने चालवायचे साधे यंत्र पाहा. ते दिवसाला दहा-पंधरा किलो काढते, त्याच्या मालाला तुमची पडवी पुरते, आणि वीज गेली तरी ते चालते. स्वयंचलित यंत्र त्यानंतर, तेही दोनशे चौरस फुटांची वाळवणाची खोली उभी राहिल्यावर आणि आसपासच्या दोन-तीन गटांनी तुमच्याकडून कच्ची बत्ती घ्यायचे पक्के केल्यावर. मसाला मळायची जागा राहत्या घरात ठेवू नका. कोळशाची पूड डाळ-तांदळात बसते आणि फुप्फुसातही. नाकाला फडके नव्हे, चांगला मास्क हवा.

माघात यंत्र पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याच्या दुकानातले यंत्र पाहू नका, ते त्याच्या निवडक काडीवर सुरळीतच चालणार. वर्षभर वापरात असलेले यंत्र ज्यांच्याकडे आहे अशांचा पत्ता मागा. आपला मसाला आणि आपली काडी बरोबर न्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते चालवा, आणि संध्याकाळी निघालेल्या मालातला वाकडा, तुटका आणि साल सुटलेला वेगळा काढून चांगल्या मालाचे वजन करा. नोझल आणि कटर कुठे मिळतात, कारागीर किती दिवसांत येतो, हे त्याच घरच्या माणसांना विचारा. तो वजनाचा आकडा मला पत्राने कळवा, मग घ्यायचे की नाही ते आपण ठरवू.